०७२३२ की +७७२३२ : ओळखीच्या कोडमागचा परदेशी कॉल कसा उघडा पाडायचा

विदर्भातल्या लँडलाइनचे कोड ०७ ने सुरू होतात. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, यवतमाळ ०७२३२, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, गडचिरोली ०७१३२, गोंदिया ०७१८२, वाशिम ०७२५२, बुलढाणा ०७२६२. ज्यांनी एसटीडी बूथचा काळ पाहिला, त्यांना हे कोड आजही तोंडपाठ आहेत. स्क्रीनवर ७२३२ दिसलं की मन लगेच म्हणतं, यवतमाळचा फोन आहे, एखाद्या ऑफिसातून असेल.

आता कझाकस्तानातल्या शहरांचे कोड बघा. राजधानी अस्ताना ७१७२. ओस्केमेन ७२३२. पेत्रोपाव्ल ७१५२, अक्तोबे ७१३२, पाव्लोदार ७१८२, शिमकेंत ७२५२, ताराझ ७२६२. म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, गडचिरोली, गोंदिया, वाशिम आणि बुलढाणा. आकडे जसेच्या तसे. अमरावतीचे लँडलाइन नंबर ०७२१ च्या पुढे बहुधा २ ने सुरू होतात, त्यामुळे तेही कारागांडाच्या ७२१२ शी जुळतात. हा निव्वळ योगायोग आहे. कोड आणि नंबर मिळून दोन्ही देशांत दहा आकडे होतात आणि दोन्हीकडे या भागाची सुरुवात ७ ने होते, एवढंच. फरक आहे तो फक्त देशाच्या कोडात. भारताचा +९१. रशिया आणि कझाकस्तान दोघांचा मिळून +७.

स्क्रीनवर हे असं दिसतं:

```
+91 7232 xxxxxx
 +7 7232 xxxxxx
```

पहिला यवतमाळचा, दुसरा परदेशी. घाईत, उन्हात, धुळीने माखलेल्या स्क्रीनवर हा फरक डोळ्यांतून निसटतो. एखाद्या साध्या हँडसेटवर अधिकचं चिन्ह गळून पडलं तर पंचाईत आणखी वाढते. आपल्याकडे एसटीडीने लावलेला नंबर 07232xxxxxx असा अकरा आकड्यांचा, आणि तिकडचा 77232xxxxxx हाही अकराच आकड्यांचा. फक्त पहिला आकडा वेगळा. दूरसंचार विभागाने अनोळखी परदेशी कॉलबद्दल सावध करताना ज्या सुरुवाती सांगितल्या त्यांत +७७ आहे, आणि तिचा सगळ्यात जास्त फटका बसू शकतो तो ०७ ची सवय असलेल्या आपल्या भागाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा झाला एक प्रकार, जिथे नंबर उघडपणे परदेशी असतो आणि फक्त ओळखीचा वाटतो. दुसऱ्या प्रकारात कॉल येतो परदेशातून आणि स्क्रीनवर मात्र खरोखरीचा भारतीय नंबर दिसतो. तिसऱ्या प्रकारात बोलणारा परदेशात असतो आणि कॉल मात्र खऱ्या भारतीय सिमवरून लागतो. तिन्हींच्या तपासण्या वेगळ्या आहेत. आधी दुसरा प्रकार नीट समजून घेऊ, कारण तो कळला की बाकीचे आपोआप कळतात.

## खोटा नंबर आत येतो कसा

तुम्ही मोबाइलवरून फोन करता तेव्हा समोरच्याला दिसणारा नंबर तुमचा हँडसेट ठरवत नाही. तुमच्या सिमची ओळख पटवून तुमच्या कंपनीचं नेटवर्क तो लावतं. म्हणून साध्या मोबाइलमधून कुणाला वाटलं म्हणून दुसऱ्याचा नंबर दाखवता येत नाही.

इंटरनेटवरून निघणाऱ्या कॉलची गोष्ट वेगळी. तिथे कॉल सुरू करणारा सर्व्हर पुढच्या कंपनीला एक छोटा मजकूर पाठवतो. त्यात कॉल कुणाला करायचा हे असतं आणि `From` नावाच्या रकान्यात कॉल कुणाकडून आहे हे असतं. तो रकाना पाठवणाराच भरतो. प्रामाणिक कंपनी तपासते, की या गिऱ्हाइकाला हा नंबर वापरायचा हक्क आहे का. पण मिनिटांच्या हिशोबाने घाऊक कॉल विकणाऱ्या सगळ्याच कंपन्या हे तपासत नाहीत. तिथून तो कॉल एका देशातल्या कंपनीकडून दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे जातो, दोन-तीन हात बदलतो, आणि प्रत्येक जण मिळालेला नंबर तसाच पुढे ढकलतो. शेवटी तो भारताच्या आंतरराष्ट्रीय गेटवेवर, म्हणजे परदेशी कॉल देशात शिरतात त्या दारावर येतो. त्याच्यावर लिहिलेलं असतं +९१ ७२३२ आणि पुढचे सहा आकडे.

तुरीच्या कट्ट्यावर कुणाचंही नाव रंगवता येतं, पण कट्टा कोणत्या गाडीतून आणि कोणत्या नाक्यावरून आत आला याची नोंद नाक्यावर राहतेच. कॉलचंही तसंच आहे. नंबर म्हणजे कट्ट्यावरचा रंग. कॉल ज्या वाटेने आत आला ती वाट म्हणजे नाक्यावरची नोंद. खोटेपणा पकडायचा असेल तर या दोन्हींचा मेळ घालून बघायचा.

भारतात हा मेळ आता यंत्रणा घालते. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरसंचार विभागाने त्यासाठी देशपातळीवर व्यवस्था सुरू केली. तिचं डोकं अगदी सरळ आहे. परदेशी वाटेने आलेल्या कॉलवर भारतीय नंबर असेल तर तो खरा असण्याची एकच ठळक शक्यता असते, ती म्हणजे इथलं सिम घेऊन कुणीतरी परदेशात गेलंय आणि रोमिंगवर आहे. म्हणून तो नंबर सध्या खरंच रोमिंगवर आहे का, हे त्याच्या कंपनीकडे तपासलं जातं. नसेल तर कॉल तिथेच अडतो. लँडलाइनला तर रोमिंगच नसतं, त्यामुळे यवतमाळचा लँडलाइन नंबर परदेशी वाटेने येणं मुळातच अशक्य आहे. व्यवस्था सुरू झाल्यावर पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल खोटे ठरून अडवले गेल्याचं सरकारने जाहीर केलं. भारतीय नंबर दाखवत बाहेरून येणाऱ्या कॉलपैकी ते जवळपास ९० टक्के होते.

राहिलेले कॉल मात्र सुटतात, आणि अडलेले ठग नवी वाट शोधतात. म्हणून आपल्या हातातल्या तपासण्या माहीत असाव्या लागतात.

## पायरी १ : नाव सोडा, पूर्ण नंबर उघडा

कॉल आला की स्क्रीनवर नाव दिसतं, आणि इथेच पहिली फसगत होते. ते नाव बहुधा दोन ठिकाणांहून येतं. एक तुमच्या फोनबुकातून, दुसरं नंबर ओळखून देणाऱ्या अ‍ॅपमधून. अ‍ॅपला कॉल कुठून आला ते कळत नाही. त्याला फक्त नंबर दिसतो आणि त्या नंबरच्या खऱ्या मालकाचं लोकांनी भरलेलं नाव ते दाखवतं. म्हणजे नंबर खोटा लावलेला असेल तर अ‍ॅप ठगाच्या बाजूनेच साक्ष देतं. पोलीस ठाण्याचा नंबर रंगवला तर अ‍ॅप पोलीस ठाणंच दाखवणार.

फोनबुकाचंही तसंच. कित्येकांनी गावातले जुने लँडलाइन नंबर एसटीडी कोड न लावता सेव्ह केलेले असतात. काही फोन, विशेषतः जुने अँड्रॉइड, शेवटचे आकडे जुळले तरी नाव जुळवतात. तेव्हा कोड नसलेला अर्धवट नंबर सेव्ह असेल तर वेळ काढून तो पूर्ण करून ठेवा. लँडलाइन असो की मोबाइल, सुरुवात +९१ ने करा.

मग कॉल लॉगमध्ये जाऊन त्या कॉलचा तपशील उघडा. स्मार्टफोनवर कॉलच्या बाजूच्या ‘i’ वर दाबायचं, साध्या बटणांच्या फोनवर ऑप्शनमध्ये जाऊन डिटेल्स. तिथे देशाच्या कोडासकट पूर्ण नंबर दिसतो. तो कागदावर उतरवून घ्या, अधिकच्या चिन्हासकट. स्क्रीनवर नुसता बघण्यापेक्षा हाताने लिहिताना चूक जास्त पटकन सापडते.

## पायरी २ : डावीकडून वाचा आणि आकडे मोजा

आपल्याला नंबर उजवीकडून ओळखायची सवय असते, शेवटचे चार आकडे लक्षात राहतात. देश मात्र डावीकडे लिहिलेला असतो.

अधिकच्या चिन्हानंतर ९१ आणि त्यापुढे बरोबर दहा आकडे, म्हणजे एकूण बारा, हा भारतीय नंबरचा साचा. मोबाइल असेल तर त्या दहांतला पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो. यात बसत नसेल, म्हणजे +९१ नंतर नऊच आकडे आहेत किंवा अकरा आहेत, तर तो नंबर भारतात नीट सुटलेला नाही. कुणीतरी रकाना हाताने भरलाय.

इथे ७ ने सुरू होणाऱ्या मोबाइल नंबरांचा घोळ लक्षात ठेवा. 77172 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर भारतीय मोबाइलसारखा दिसतो. त्याच पाच आकड्यांनी सुरू होणारा अकरा आकडी नंबर म्हणजे अस्तानाचा कोड. म्हणून मोजणं टाळू नका.

अधिकनंतर ९१ नसेल तर देश बघा. शेजारचे देश फसवे वाटतात, कारण सुरुवात ९ नेच होते: +९२ पाकिस्तान, +९४ श्रीलंका, +९५ म्यानमार, +९७७ नेपाळ. ज्या सुरुवातींबद्दल दूरसंचार विभागाने सावध केलं त्यांत +८४ व्हिएतनाम, +८६ चीन आहेत, आणि +८५ मध्ये +८५२ हाँगकाँग, +८५५ कंबोडिया, +८५६ लाओस येतात. त्याच इशाऱ्यात +८९ आहे, आणि ८९ ने सुरू होणारा कोड जगातल्या कोणत्याही देशाला दिलेला नाही. असा नंबर दिसला म्हणजे तो बनावट आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं.

एक मर्यादा इथेच सांगतो. +७७२३२ दिसलं म्हणजे कॉल ओस्केमेनहूनच निघाला, असं समजू नका. जो +९१ खोटा लावू शकतो तो +७ ही खोटा लावू शकतो. या पायरीने एवढंच कळतं, की हा कॉल यवतमाळचा म्हणून मान्य करता येत नाही.

आणखी एक, जे आपल्याकडे फार चालतं. नंबर ९४२२ ने सुरू होतो म्हणजे अमुक कंपनीचा आणि महाराष्ट्रातला, असा हिशोब आता लागू नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे आणि राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवायची सोय २०१५ पासून. सुरुवातीचे आकडे नंबर मुळात कुठे सुटला एवढंच सांगतात.

## पायरी ३ : कॉलवरची पाटी बघा

परदेशी वाटेने आलेल्या कॉलवर ‘International Call’ अशी पाटी दाखवा, असं दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं आहे. ही पाटी नंबर बघून लागत नाही, वाट बघून लागते. म्हणून तिचं मोल नंबरपेक्षा जास्त आहे. नंबर +९१ चा, बोलणारा म्हणतो मी जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलतोय, आणि वर पाटी आंतरराष्ट्रीय कॉलची, तर गोष्ट संपली. जिल्ह्यातून जिल्ह्यात येणारा कॉल परदेशी वाटेने येत नाही.

पण पाटी उलट्या बाजूने वापरू नका. पाटी दिसली नाही म्हणजे कॉल देशातलाच, असं नाही. सगळ्या कंपन्यांवर, सगळ्या हँडसेटवर ती दिसेलच असं नसतं, आणि जुन्या बटणांच्या फोनवर तर तिची आशाच धरू नका. तसंच पाटी दिसली म्हणजे ठगच, असंही नाही. दुबईला कामाला गेलेला तुमचा भाचा इथलं सिम रोमिंगवर ठेवून फोन करेल, तेव्हा नंबर त्याचाच आणि कॉल परदेशीच असेल.

## पायरी ४ : कॉल चालू असतानाच दुसऱ्या फोनवरून तोच नंबर लावा

माझ्या मते ही सगळ्यात पक्की तपासणी आहे आणि गावातही सहज करता येते, कारण घरात दुसरा फोन असतोच. याला अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

बोलणाऱ्याला बोलत ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसाने स्क्रीनवरचा नंबर बघून दुसऱ्या फोनवर हाताने टाइप करून लावायचा. मात्र नंबर +९१ चा आणि दहा आकडी असेल तरच. परदेशी नंबरला उलट फोन कधीच लावू नका. आयएसडीचे पैसे कापले जातात आणि त्यातून कळत काहीच नाही.

आता काय ऐकू येतं ते बघा. नंबर खरोखर त्याच माणसाचा असेल तर तो तुमच्याशी बोलण्यात गुंतलेला आहे. त्यामुळे तो दुसऱ्या कॉलवर आहे अशी सूचना ऐकू येईल, किंवा त्याला कॉल वेटिंगचा बीप जाईल. नंबर रंगवलेला असेल तर तुमचा दुसरा कॉल त्याच्याकडे जातच नाही. तो जातो नंबरच्या खऱ्या मालकाकडे. त्याच्या घरी फोन मोकळा वाजतो आणि कुणीतरी अनोळखी माणूस उचलतो. किंवा फोन बंद असल्याची, नाहीतर नंबर अस्तित्वातच नसल्याची सूचना ऐकू येते, आणि इकडे तुमच्या कानाला तो ‘बंद’ नंबर बोलतच असतो. असं झालं तर एकदा पुन्हा लावून खात्री करा. दुसऱ्यांदाही तेच ऐकू आलं तर नंबर खोटा.

मोबाइलसाठी ही तपासणी जितकी स्वच्छ आहे तितकी मोठ्या ऑफिसच्या लँडलाइनसाठी नाही. तिथे एका नंबरवर अनेक वाटा असतात, त्यामुळे एक जण तुमच्याशी बोलत असतानाही दुसरा फोन वाजू शकतो. मग उचलणाऱ्यालाच विचारायचं, की आत्ता तुमच्याकडून या गावात या नावाच्या माणसाला कुणी फोन लावलाय का.

आणि जो फोन उचलेल त्याच्याशी नीट बोला. त्याचा नंबर चोरून वापरला जातोय, त्याचा काही दोष नाही. बहुतेक वेळा त्याला दिवसभर असेच शिव्यांचे फोन येत असतात.

## एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले एक काका आहेत. कापूस केंद्रावर विकलाय, पैसे अजून खात्यात आलेले नाहीत. दुपारी फोन वाजतो.

“नमस्कार काका, यवतमाळहून बोलतोय. तुमचं कापसाचं पेमेंट आधारच्या कारणाने अडकलंय. आजच दुरुस्त नाही केलं तर परत जाईल.”

“कोन बोलून रायला बाप्पा?”

“जिल्हा कार्यालयातून. नंबर बघा ना, ७२३२ आहे.”

काकांनी बघितलं, ७२३२ खरंच होतं. मराठी साफ होती. इथे थांबून एक सांगायला हवं. भाषेवरून देश ओळखता येत नाही. म्यानमार आणि कंबोडियातल्या ठगीच्या अड्ड्यांवर नोकरीच्या आमिषाने नेलेली भारतीय पोरं अडकून पडली होती आणि सरकारने त्यांतल्या कित्येकांना सोडवून परत आणलं. समोरचा मराठी बोलतो म्हणून तो महाराष्ट्रातच बसलाय असं होत नाही.

पुतण्या जवळच होता. त्याने फोन हातात घेऊन नंबर कागदावर उतरवला: अधिक, ७, ७, २, ३, २, आणि पुढे सहा आकडे. मोजले तर अकरा. बारा हवे होते.

“काका, थे यवतमाळ नोहे. अधिकच्या पुढं नुसता सात हाये, एक्याण्णव नाही.”

फोन ठेवला. इथपर्यंत पहिल्या दोन पायऱ्या पुरल्या. पण अर्ध्या तासाने दुसरा फोन आला, आणि या वेळी आकडे चोख: +९१, पुढे ९ ने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल. आवाज वेगळा, विषय तोच. “मघाशी कॉल कट झाला काका, हा साहेबांचा पर्सनल नंबर आहे.” फोनवर कोणतीही पाटी नव्हती, कारण काकांचा फोन बटणांचा.

काकांनी आधारचा विषय लांबवत ठेवला. पुतण्याने आपल्या मोबाइलवरून तो नंबर टाइप करून लावला. पलीकडे फोन मोकळा वाजला आणि एका बाईंनी उचलला. त्या दुसऱ्याच जिल्ह्यातल्या निघाल्या, हातात फोन होता आणि त्या कुणाशी बोलत नव्हत्या. तेवढ्यात इकडे ‘साहेब’ काकांना ओटीपी विचारत होते. एका नंबरवरून एकाच वेळी दोन माणसं दोन ठिकाणी बोलू शकत नाहीत. नंबर रंगवलेला होता, हे तिथेच पक्कं झालं.

पेमेंट खरंच अडकलं होतं का, हा प्रश्न उरतोच. तो त्या फोनवर सुटत नाही. काकांनी विक्रीची पावती घेऊन केंद्रावर जाऊन विचारायचं, किंवा पावतीवर छापलेल्या नंबरला स्वतः फोन लावायचा.

## जिथे या तपासण्या थांबतात

समजा दुसऱ्या फोनवरून लावल्यावर नंबर खरंच व्यस्त लागला. म्हणजे माणूस खरा? नाही. इथे तिसरा प्रकार येतो, सिमबॉक्स. हे एक यंत्र असतं, त्यात डझनावारी भारतीय सिम एकाच वेळी बसतात. परदेशातला माणूस इंटरनेटवरून या यंत्रापर्यंत येतो आणि यंत्र आपल्या देशातल्या एखाद्या खोलीत बसून खऱ्या सिमवरून तुम्हाला फोन लावतं. नंबर खरा, वाट देशातली, पाटी लागत नाही, आकडे बरोबर. आंतरराष्ट्रीय गेटवेला हा कॉल दिसतच नाही, कारण गेटवेवरून तो आलेलाच नसतो.

तरी काही खुणा सापडतात. कॉल संपल्यावर त्याच नंबरला लावलं तर बहुधा कुणी उचलत नाही किंवा नंबर बंद लागतो. एकाच माणसाचे दोन-तीन फोन येतात आणि दर वेळी नंबर वेगळा असतो. आवाज उशिरा पोचणं ही खूण लोक सांगतात, पण ती फार कच्ची आहे. आपल्याकडे नेटवर्क कमजोर असलं की शेजारच्या गावातला आवाजही अडखळतो.

या यंत्रांना सिम लागतात, आणि ती बऱ्याचदा गावाकडच्या लोकांच्या नावावर निघालेली असतात. मेळाव्यात फुकट सिम देतो म्हणून एकदा अंगठा घेतला, ‘नीट उमटला नाही’ म्हणून पुन्हा घेतला, आणि दुसरं सिम भलतीकडे गेलं. म्हणून sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते बघा. मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला की यादी येते. त्यात आपला नसलेला नंबर असेल तर तिथेच ‘माझा नाही’ असं कळवता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलला तर यातली चौथी पायरी लागूच होत नाही. खातं +९१ च्या नंबरवर एकदा ओटीपी घेऊन उघडलं, की ते जगात कुठेही बसून चालवता येतं. तिथे दिसणारा देश म्हणजे खातं उघडताना वापरलेल्या नंबरचा देश, बोलणाऱ्याचा नव्हे.

## नेमका देश कुणाला कळतो

आपल्या चारही पायऱ्यांनी एवढं सिद्ध होतं, की नंबर खोटा आहे किंवा कॉल बाहेरून आला. तो नेमका कोणत्या देशातून निघाला हे फोन घेणाऱ्याला आपल्या हँडसेटवरून कळत नाही. ‘कॉलरचं लाइव्ह लोकेशन दाखवू’ म्हणणारी अ‍ॅप बहुतेक नंबरच्या कोडवरून नकाशावर टाचणी लावतात. रंगवलेल्या नंबरची टाचणीही रंगवलेलीच. असलं अ‍ॅप टाकू नका. फोनबुकाची परवानगी मागून ते तुमचीच माहिती घेऊन जातं.

देश शोधायचा रस्ता कंपनीकडच्या नोंदीतून जातो. प्रत्येक कॉलची नोंद ठेवली जाते, आणि डिसेंबर २०२१ पासून ती किमान दोन वर्षं जपणं कंपन्यांना बंधनकारक आहे. गेटवेच्या नोंदीत कॉल कोणत्या परदेशी कंपनीच्या वाटेने आला ते असतं. त्या कंपनीला विचारलं की तिला तो कुणी दिला ते कळतं, मग त्याच्या आधीची कंपनी. अशी एकेक कडी मागे जात मूळ देश सापडतो. हे काम यंत्रणेचं आहे, पण त्याला सुरुवात तुमच्या तक्रारीने होते, आणि तक्रार किती कामाची ठरेल हे वेळेवर अवलंबून असतं. “काल दुपारी आला होता” यातून हजारो कॉल निघतील.

म्हणून फोन ठेवल्याबरोबर कागदावर लिहा: तारीख, मिनिटापर्यंत अचूक वेळ, कॉल किती मिनिटं चालला, तुमच्या कोणत्या सिमवर आला, दिसलेला पूर्ण नंबर अधिकच्या चिन्हासकट, आणि आंतरराष्ट्रीय कॉलची पाटी होती की नव्हती. दुसऱ्या फोनवरून लावून बघितलं असेल तर त्याची वेळ आणि काय ऐकू आलं तेही. कॉल लॉग पुसू नका. जमलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

परदेशातून आलेल्या कॉलवर भारतीय नंबर दिसला, किंवा नंबरच दिसला नाही, तर तक्रारीसाठी १९६३ किंवा १८००११०४२० हे टोल फ्री नंबर आहेत. हीच तक्रार संचार साथीच्या पोर्टलवरही करता येते, त्यासाठी तिथे वेगळा फॉर्म आहे. सिमबॉक्सचा संशय असेल, म्हणजे नंबर खरा वाटतो पण माणूस ठग आहे, तर त्याच पोर्टलवर ‘चक्षु’ मध्ये नोंदवा. पैसे गेले असतील तर मात्र चक्षुमध्ये वेळ घालवू नका, कारण ती सोय त्यासाठी नाही. तेव्हा लगेच १९३० ला फोन लावायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकायची. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी बँकेला ते अडवता येतात, आणि तो अवधी थोडाच असतो. व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ तोंडी सांगता येईल अशी समोर ठेवा.